जमिनीच्या दाव्यातील निकालाची प्रमाणित नक्कल: अर्ज कसा करावा आणि दिवस कसे मोजावेत

निकाल वाचून झाला की बरेच जण घरी जातात आणि नकलेचा अर्ज ‘पुढच्या आठवड्यात’ टाकतात. तसं करू नका. अर्ज त्याच दिवशी द्या, निदान दुसऱ्या दिवशी तरी. न्यायनिर्णय म्हणजे कारणांसह दिलेला निकाल, आणि हुकूमनामा म्हणजे त्यावरून कोर्ट नंतर तयार करतं तो औपचारिक आदेश. ‘आधी हुकूमनामा तयार होऊ द्या, मग दोन्हीची नक्कल एकदम मागा’ हा सल्ला कोर्टाच्या आवारात सर्रास मिळतो. तो देणाऱ्याला मुदत कायदा माहीत नाही असं खुशाल समजा.

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयाच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस असतात. मुदत कायदा 1963 च्या कलम 12 नुसार निकालाचा दिवस आणि नक्कल मिळवायला लागलेला काळ त्यातून वजा होतो. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलंय, की नकलेचा अर्ज येण्याआधी हुकूमनामा तयार करण्यात कोर्टाचा जो वेळ गेला, तो वजा होत नाही. म्हणजे अर्ज न देता नुसती वाट पाहिली, तर ते दिवस तुमच्या खात्यातून गेले.

समजा, वाटपाच्या दाव्याचा निकाल 3 मार्च 2025 ला लागला. 30 दिवस 2 एप्रिलला संपतात. अर्ज दिला 10 मार्चला आणि नक्कल तयार झाली 21 मार्चला. हे दोन्ही दिवस धरून 12 दिवस वजा होतात आणि मुदत 14 एप्रिलपर्यंत जाते. त्या दिवशी आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून 15 तारखेलाही अपील चालतं. पण असल्या सुट्टीच्या भरवशावर राहू नये. आता तुम्ही नक्कल घ्यायला 28 मार्चला गेलात तर? मधले सात दिवस तुमचेच गेले. मोजणी नक्कल तयार झाल्याच्या तारखेपर्यंतच होते, तुम्ही ती कधी उचलली याच्याशी तिला देणंघेणं नाही. आणि अर्जच 2 एप्रिलनंतर दिला असता, तर वजा करायला काही उरलंच नसतं. अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागला असता.

म्हणून नक्कल विभागात अर्ज दिल्यावर नोंदीचा क्रमांक आणि तारीख असलेली पोच घ्या, नक्कल कधी तयार होईल ते विचारा आणि त्या दिवशी जा.

अर्ज साधाच असतो:

मा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, (गाव) यांचे न्यायालयात
नियमित दिवाणी दावा क्र. 118/2019
(वादीचे नाव) विरुद्ध (प्रतिवादीचे नाव)
अर्जदार: वादी क्र. 2
विषय: न्यायनिर्णय व हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल मिळणेबाबत
वरील दाव्याचा निकाल दि. 3/3/2025 रोजी झाला आहे. अपील दाखल करणेकामी न्यायनिर्णय व हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेची प्रत्येकी एक प्रत मिळावी. नियमाप्रमाणे होणारी फी भरण्यास अर्जदार तयार आहे.
दिनांक, सही, पत्ता, मोबाईल क्रमांक

लागेल तेवढा कोर्ट फी स्टॅम्प लावा. फार घाई असेल तर अर्जावर ठळक ‘तातडीची नक्कल’ लिहा. फी जास्त पडते.

हुकूमनामा अजून निघालेला नसला तरी अर्जात तो मागाच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 20, नियम 6-अ प्रमाणे हुकूमनामा 15 दिवसांत तयार व्हायला हवा, आणि त्याच्या नकलेशिवाय नुसत्या न्यायनिर्णयाच्या नकलेवरही अपील दाखल करता येतं. त्यामुळे हुकूमनाम्यासाठी अपील अडवून ठेवू नका.

दावा क्रमांक आणि वर्ष चुकलं तर कारकून फाईल शोधत बसत नाही. क्रमांक पक्का नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून पाहा. तिथून उतरवलेली निकालाची प्रत वाचायला ठीक आहे, पण ती प्रमाणित नक्कल नव्हे. तुम्ही दाव्यात पक्षकार नसाल, म्हणजे समजा ती जमीन विकत घेताय, तर नक्कल कशासाठी हवी ते कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावं लागतं.

नक्कल हातात आल्यावर खिडकीपाशीच पाहा: प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी खरी प्रत असल्याचा दाखला आणि सही, आणि अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली व कधी दिली या तारखा. यातली एखादी तारीख कोरी असेल तर तिथल्या तिथे भरून घ्या, कारण अपिलात दिवस याच तारखांवरून मोजतात. मग गट नंबर आणि क्षेत्र ताडून पाहा. मूळ निकालात बरोबर आणि नकलेत चूक असेल, तर नक्कल लगेच परत करा. मूळ निकालातच गट नंबर चुकला असेल, तर नक्कल विभाग काही करू शकत नाही. त्यासाठी निकाल देणाऱ्या कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो, आणि तो प्रलंबित असला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही.