हप्ता बाऊन्स झाल्यावर फक्त कमी पडलेले पैसे भरू नका

निपाणीकडं तंबाखूचे पैसे किंवा खानापूर-चिक्कोडीकडं उसाचं बिल कधी हातात पडेल, ते आपल्या हातात नसतं. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली. त्यामुळं सीमाभागात दुचाकीचा, ट्रॅक्टरचा हप्ता बऱ्याचदा थोडक्यासाठी चुकतो. खरं नुकसान होतं ते त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत, आणि ते टाळता येतं.

धरून चला, हप्ता ६,८४० रुपयांचा, तारीख ५. खात्यात ६,४१० रुपये, म्हणजे ४३० रुपये कमी. बँक अर्धवट रक्कम देत नाही. सगळा हप्ता परत जातो आणि फायनान्स कंपनीच्या ॲपवर ‘Balance Insufficient’ असं कारण दिसतं. माणूस घाईनं दुसऱ्या दिवशी ५०० रुपये भरतो. शिल्लक ६,९१० झाली, आता हप्ता जाईल म्हणून तो निर्धास्त होतो.

इथंच चूक होते. हप्ता परत गेल्याबद्दल त्याची स्वतःची बँकही शुल्क घेते. ते २५० रुपये धरलं, तर १८ टक्के जीएसटीसह २९५ होतात. खात्यात पैसे दिसले की बँक आधी आपलं शुल्क वळतं करून घेते. उरतात ६,६१५. कंपनी १० तारखेला हप्ता पुन्हा लावते, तेव्हा २२५ रुपये कमी पडतात आणि तो दुसऱ्यांदा बाऊन्स होतो. बँकेचे आणखी २९५. शिवाय कंपनीचं बाऊन्स शुल्क वेगळं, प्रत्येक वेळचं. ते ४५० धरलं तर दोन वेळचे ९००. एकूण १,४९० रुपये गेले, आणि हप्ता अजून थकलेलाच! (बँकेनुसार, कंपनीनुसार हे आकडे बदलतात. आपले आकडे बँकेच्या दरपत्रकात आणि करारपत्रातल्या शुल्कांच्या तक्त्यात बघा.)

उशिराचा दंड या मानानं किरकोळ असतो. वर्षाला २४ टक्के धरला तरी ६,८४० रुपयांवर सहा दिवसांचे साधारण २७ रुपये. म्हणून एकदा बाऊन्स झाल्यावर सगळं लक्ष दुसरा बाऊन्स टाळण्याकडं द्या.

त्यासाठी हप्ता खात्यातून वळता होण्याची वाट न बघता कंपनीच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन थेट भरा. पावतीवर ही रक्कम ‘हप्त्यापोटी’ जमा झाली का, की शुल्कापोटी, ते वाचा. मग कस्टमर केअरला एकच प्रश्न विचारा: या महिन्याचा हप्ता पुन्हा लावणार आहात का? कधीकधी पुन्हा लावायच्या हप्त्यांची यादी आधीच बँकेकडं गेलेली असते. तसं असेल तर ती तारीख टळेपर्यंत खात्यात हप्ता अधिक बँकेचं शुल्क एवढी रक्कम राहू द्या. हप्ता दोनदा गेला, तर जादा रक्कम परत मागता येते. बाऊन्स शुल्क परत मिळवणं त्याहून अवघड. वसुलीला घरी आलेल्या माणसाकडं पावतीशिवाय रोख देऊ नका, तो ओळखीतला असला तरी.

पडद्यावरचं कारण दुसरं असेल, तर उपायही दुसरा. ‘Account Blocked or Frozen’ असेल तर पैसे भरून उपयोग नाही. बऱ्याचदा केवायसी राहिलेली असते, आधार-पॅन घेऊन शाखेत जावं लागतं. खातं बंद असल्याचं किंवा मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता वळता करायला आपण दिलेली परवानगी, रद्द असल्याचं कारण आलं, तर नवीन मँडेट द्यावं लागतं आणि ते चालू होईपर्यंत प्रत्येक हप्ता हातानं भरावा लागतो. खात्यात पुरेसे पैसे असूनही ‘Balance Insufficient’ आलं, तर त्या दिवशीचं स्टेटमेंट काढा. एखादी रक्कम होल्डवर असू शकते. चूक बँकेची किंवा कंपनीची निघाली, तर पडद्याचा फोटो आणि स्टेटमेंट जोडून शुल्क परत करण्याची लेखी मागणी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या cms.rbi.org.in वर तक्रार करता येते.

शुल्कांची यादी हातात आली की एक गोष्ट नक्की तपासा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांवर उशिराचा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्या दंडावर पुन्हा व्याजही लावता येत नाही. जुनी कर्जंही ३० जून २०२४ पर्यंत याच नियमाखाली आणायची होती.

रविवार किंवा सुट्टी आहे, हप्ता उद्या जाईल, या भरवशावरही राहू नका. १ ऑगस्ट २०२१ पासून ही वसुली आठवड्याचे सातही दिवस चालते. हप्ता सकाळी लवकरही लागू शकतो, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळीच खात्यात हवेत. दर महिन्याला तारीख आणि बिलाचा मेळ बसतच नसेल, तर कंपनीकडं हप्त्याची तारीख पुढं घेण्याचा लेखी अर्ज करा. बऱ्याच कंपन्या हे करतात, पण मधल्या दिवसांचं व्याज किती लागेल, ते आधी विचारून घ्या.