दोन मीटरवर इंटरमॉड: प्रीअँप लावण्याआधी या चुका टाळा

गच्चीवर हॅम रेडिओच्या दोन मीटर बँडचा अँटेना उभा राहिला की आठ-पंधरा दिवसांत एक तक्रार हमखास येते: "रिपीटरवर भलत्याच लोकांचं बोलणं ऐकू येतं, आणि रिपीटर कमकुवत वाटतो." त्यावर मित्रमंडळींचा सल्लाही ठरलेला असतो: प्रीअँप लाव, म्हणजे रिसीव्हरच्या आधी सिग्नल वाढवणारा अँप्लिफायर जोड. या सल्ल्याने जितके चांगले रिसीव्हर बहिरे झाले आहेत तितके विजेच्या गडगडाटानेही झाले नसतील. म्हणून या चुकीबद्दल सविस्तर लिहितो. बाकीच्या चुका त्यामानाने लहान आहेत.

पहिली चूक: सिग्नल कमी आहे असं समजून प्रीअँप लावणे

धरून चाला की रिपीटर १४५.२०० मेगाहर्ट्झवर आहे आणि तुमच्या अँटेनावर तो −१०० डीबीएम येतो. जवळच्या उंच इमारतीवर दुसऱ्या सेवांचे दोन ट्रान्समीटर आहेत, एक १४९.४०० वर आणि दुसरा १५३.६०० वर. दोन्ही तुमच्याकडे −४५ डीबीएमने पोहोचतात. आता गणित करा:

`2 × 149.400 − 153.600 = 145.200`

म्हणजे या दोघांच्या मिसळीतून होणारा खोटा सिग्नल, थर्ड ऑर्डर इंटरमॉड, बरोबर रिपीटरच्या डोक्यावर बसतो. तो हवेत कुठेच नसतो. रिसीव्हरचा पहिला अँप्लिफायर आणि मिक्सर पूर्णपणे सरळ रेषेत चालत नाहीत, त्या वाकडेपणातून तो आत तयार होतो.

किती जोराचा तयार होतो, हे इंटरसेप्ट पॉइंटवरून, म्हणजे रिसीव्हर किती सरळ रेषेत चालतो हे सांगणाऱ्या आकड्यावरून, काढता येतं. दोन्ही सिग्नल सारखे, प्रत्येकी P इतके, असतील तर:

`IM3 = 3 × P − 2 × IIP3`

रिसीव्हरचा इनपुट इंटरसेप्ट पॉइंट −१० डीबीएम धरा. उत्तर येतं −१३५ + २० = −११५ डीबीएम. रिपीटर त्याच्यापेक्षा १५ डीबी वर आहे, त्यामुळे एफएम रिसीव्हर मोठ्या सिग्नललाच पकडून ठेवतो आणि रिपीटर चालू असताना इंटरमॉडच्या भुताचा आवाज दबून जातो. रिपीटर गप्प झाला की मात्र ते भूत बोलायला लागतं.

आता पुढे २० डीबीचा प्रीअँप लावा. रिसीव्हरच्या तोंडाशी दोन्ही सिग्नल −२५ डीबीएम होतात, आणि इंटरमॉड −७५ + २० = −५५ डीबीएम. अँटेनाच्या हिशेबाने पाहिलं तर तो −११५ वरून −७५ डीबीएमवर चढला, म्हणजे ४० डीबींनी वाढला. व्हीएचएफवर एस-९ म्हणजे −९३ डीबीएम, तेव्हा हे भूत एस-९ च्याही १८ डीबी वर बसलं. रिपीटर आता त्याच्या २५ डीबी खाली गाडला गेला.

या बदल्यात मिळालं काय? रिसीव्हरचा नॉइज फिगर ६ डीबी होता, तो फार तर १ च्या आसपास आला. म्हणजे फायदा सुमारे ५ डीबीचा, आणि तोही शहरातल्या विजेच्या गोंगाटात दिसत नाही. शिवाय १२ किलोहर्ट्झच्या रुंदीत या रिसीव्हरचा नॉइज फ्लोअर मुळातच −१२७ डीबीएम होता आणि रिपीटर त्याच्या २७ डीबी वर होता. प्रीअँपची गरजच नव्हती.

उलट दिशेने जाऊन बघा. प्रीअँप काढा आणि अँटेना व रिसीव्हर यांच्यामध्ये १० डीबीचा अटेन्युएटर लावा. रिपीटर −११० वर येतो, म्हणजे नॉइज फ्लोअरच्या अजूनही १७ डीबी वर. इंटरमॉड मात्र −१४५ वर जातो आणि नाहीसा होतो. सिग्नल कमी करून ऐकू जास्त येतं, ही गोष्ट नवशिक्यांना पटवून देणं फार कठीण असतं. पण अटेन्युएटर लावून बघायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी चूक: भूत ओळखण्याआधीच फिल्टर विकत घेणे

"एफएमचा त्रास असेल" म्हणून ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा नॉच मागवतात, लावतात, आणि काहीच फरक पडत नाही. वरच्या उदाहरणात तो पडणारच नव्हता, कारण गुन्हेगार १४९ आणि १५३ वर आहेत. एफएम केंद्रांच्याच आपापसातल्या `2 × f1 − f2` जोड्या फार तर १२८ पर्यंत जातात. त्या विमानांच्या पट्ट्यात पडतात, १४५ वर पोहोचतच नाहीत.

म्हणून आधी ओळख पटवा. पहिली खूण अटेन्युएटरची. रिसीव्हरचा एजीसी बंद करा, किंवा एसडीआर असेल तर गेन एका जागी बांधून ठेवा. मग १० डीबीचा अटेन्युएटर घाला. खरा सिग्नल १० डीबींनी उतरतो. रिसीव्हरमध्ये तयार झालेला थर्ड ऑर्डर इंटरमॉड ३० डीबींनी उतरतो, कारण त्यात एक सिग्नल दोनदा आणि दुसरा एकदा गुंतलेला असतो. स्वस्त हँडसेटच्या काड्यांवर या मोजणीसाठी विश्वास ठेवू नका, त्या डीबी दाखवत नाहीत.

दुसरी खूण कानाने कळते. `2 × f1 − f2` मध्ये पहिल्या सिग्नलचं एफएम डेव्हिएशन दुप्पट होतं. त्यामुळे १४९.४ वर बोलणारा माणूस फाटलेल्या, कर्कश आवाजात ऐकू येतो आणि १५३.६ वरचा नेहमीच्या आवाजात, दोघे एकावर एक. दोघांपैकी एकानेही माइक सोडला की भूत त्याच क्षणी गायब. हे वागणं एकदा ऐकलं की नंतर विसरत नाही.

गुन्हेगार शोधायला एसडीआरवर १४० ते १६० चा पट्टा पाहा. पण एसडीआरलाही आधी अटेन्युएटर लावा, नाहीतर तो स्वतःच भुतं तयार करेल आणि तुम्ही ती खरी समजून त्यांच्या मागे धावाल.

यातून एक कामाची गोष्ट निघते. १४९.४ वाला सिग्नल गणितात दोनदा येतो, म्हणून तो १० डीबींनी दाबला तर इंटरमॉड २० डीबींनी उतरतो, आणि १५३.६ वाला तितकाच दाबला तर फक्त १० डीबींनी. फिल्टर निवडताना १४९.४ वरचा अडथळा आधी बघायचा.

इथे घाईतला शॉर्टकट म्हणजे कोॲक्सचा पाव तरंगलांबीचा स्टब. ०.६६ वेगगुणांकाच्या केबलमध्ये १४९.४ साठी तो सुमारे ३३ सेंटिमीटर होतो, दुसरं टोक उघडं ठेवायचं, टी लावायचा, खर्च नाही. पण असा स्टब फार रुंद असतो. १४५.२ हे अवघं ३ टक्के दूर आहे, तिथेही तो सुमारे २० डीबी खाऊन टाकतो. भूत गेल्याचा आनंद होतो, आणि रिपीटरही गेलेला असतो. चार मेगाहर्ट्झच्या अंतरासाठी हेलिकल फिल्टर किंवा कॅव्हिटीच लागते. स्टब एफएमच्या पट्ट्यासाठी ठेवा, तिथे अंतर भरपूर आहे.

फिल्टर आधी की प्रीअँप आधी?

"फिल्टर नेहमी आधी" हे पाठ केलेलं उत्तर नेहमी बरोबर नसतं. समजा प्रीअँपचा आउटपुट इंटरसेप्ट +३६ डीबीएम आणि गेन २० डीबी आहे. त्याचा इनपुट इंटरसेप्ट झाला +१६, आणि −४५ च्या दोन सिग्नलना तो ढिम्म हलत नाही. अडचण मागच्या रिसीव्हरची असते, कारण त्याचा −१० चा इंटरसेप्ट प्रीअँपसकट अँटेनाशी मोजला तर −३० होतो. अशा वेळी फिल्टर प्रीअँप आणि रिसीव्हरच्या मध्ये ठेवला तर फिल्टरचा १ डीबीचा लॉस नॉइज फिगरमध्ये जवळजवळ दिसत नाही. पण इंटरसेप्टचा आकडाच न छापलेला स्वस्त प्रीअँप असेल तर मात्र फिल्टर आधीच हवा.

जाहिरातीतला आकडा वाचताना तो आउटपुटचा आहे की इनपुटचा हे बघा. बहुतेकदा मोठा दिसतो म्हणून आउटपुटचा छापतात. त्यातून गेन वजा करा.

तिसरी चूक: डिसेन्सला इंटरमॉड समजणे

भूत ऐकू येत नाही, फक्त कमकुवत स्टेशनं बुडतात, तो डिसेन्स. त्याला एकच जबर सिग्नल पुरेसा असतो. शेजारचा ट्रान्समीटर चालू झाला की रिपीटरवर फसफस वाढते, बंद झाला की स्वच्छ. याला तीन वेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे.

पहिलं, रिसीव्हरचा अँप्लिफायर त्या सिग्नलने दबून त्याचा गेनच कमी होतो. साधारण नियम असा की हे इंटरसेप्ट पॉइंटच्या १० डीबी खाली सुरू होतं. दुसरं, रिसीव्हरच्या स्वतःच्या ऑसिलेटरचा फेज नॉइज. ६०० किलोहर्ट्झ दूर −१४० डीबीसी प्रति हर्ट्झ असलेला ऑसिलेटर घ्या आणि −२० डीबीएमचा शेजारी. १२ किलोहर्ट्झसाठी ४१ डीबी मिळवा: −२० − १४० + ४१ = −११९ डीबीएम. म्हणजे मूळचा नॉइज धरून नॉइज फ्लोअर सुमारे साडेआठ डीबींनी वर आला. तिसरं, ट्रान्समीटर स्वतःच तुमच्या चॅनेलवर नॉइज ओततो आहे.

पहिल्या दोघांना रिसीव्हरपाशी शेजाऱ्याची फ्रीक्वेन्सी अडवणारा फिल्टर लावला की सुटका होते. तिसऱ्याला त्याने काही होत नाही, कारण तो नॉइज तुमच्याच फ्रीक्वेन्सीवर खराखुरा येतो आहे. फिल्टर ट्रान्समीटरच्या आउटपुटवर बसवावा लागतो. रिपीटरमध्ये डुप्लेक्सरच्या कॅव्हिटी दोन्ही बाजूंना असतात त्या याचसाठी. तेव्हा रिसीव्हरचा फिल्टर लावूनही फसफस जशीच्या तशी राहिली, तर तिसरं कारण धरा आणि रिसीव्हर उघडू नका.

चौथी: अटेन्युएटर लावूनही भूत १० ला १० च डीबी उतरतं

मग ते रिसीव्हरच्या बाहेर तयार होतंय. गंजलेला क्लॅम्प, टॉवरचा सैल जोड, पाणी शिरलेला कनेक्टर, हे सगळे डायोडसारखे वागतात. कोकणात खाऱ्या हवेत हे लवकर होतं. पावसाने जोड भिजल्यावर त्रास बदलत असेल तर संशय पक्का. इथे कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. पाना आणि वायर ब्रश घेऊन वर चढा.

पाचवी: थेट सँपल करणाऱ्या एसडीआरला ३० डीबीचा नियम लावणे

एडीसीतली भुतं थर्ड ऑर्डरच्या सरळ नियमाने वागत नाहीत. त्याच्या बाबतीत ओव्हरलोड दिवा लागेपर्यंत गेन वाढवायचा आणि मग ६ ते १० डीबी मागे यायचं.