विनाइलसाठी मास्टर तयार करताना: आधी बाजूची लांबी, मग बेस, मग सिबिलन्स

डिजिटल मास्टरिंगमधून विनाइलच्या कामाकडे वळणारे बहुतेक जण पहिला प्रश्न लिमिटरविषयी विचारतात. मी ज्यांच्या हाताखाली हे काम शिकलो, ते मात्र फाइल उघडण्याआधी एकच गोष्ट विचारत: कोणती बाजू किती मिनिटांची आहे? आज मीही कामाची सुरुवात तिथूनच करतो, कारण तबकडी किती मोठ्याने वाजणार हे फाइलच्या पातळीवर ठरत नाही. कटिंग इंजिनिअर आवाजाची पातळी स्वतः लावतो आणि खाचेला जागा किती मिळते त्यावरून ती ठरते.

हा हिशेब प्रत्येकाने एकदा तरी कागदावर मांडून पाहावा. बारा इंची तबकडीवर संगीतासाठी वापरता येणारा पट्टा बाहेरच्या कडेपासून आतल्या मर्यादेपर्यंत सुमारे 86 मिलिमीटर रुंद असतो. तबकडी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे 26 मिनिटांच्या बाजूला साधारण 867 फेरे लागतात आणि प्रत्येक फेऱ्याच्या वाट्याला सरासरी 99 मायक्रोमीटर येतात. शांत खाचेची स्वतःची रुंदी 60 मायक्रोमीटर धरली, तर तिला डोलायला 39 मायक्रोमीटर उरतात. 23 मिनिटांच्या बाजूवर हीच मोकळीक 52 मायक्रोमीटर होते, तर 20 मिनिटांच्या बाजूवर 69. या आकड्यांचे गुणोत्तर डेसिबलमध्ये मांडले, तर दर तीन मिनिटांमागे जवळपास अडीच डेसिबलचा फरक पडतो. प्रत्यक्षात खाच कापणारा लेथ खाचांमधले अंतर सतत बदलतो, शांत जागी त्या जवळ आणतो आणि मोठ्या बेसच्या आधी त्यांना फाकवतो, त्यामुळे खरा आकडा संगीतानुसार हलतो. पण फरकाची दिशा आणि अंदाज यांत फारसा बदल होत नाही.

उदाहरण म्हणून, मी हाताळलेल्या कामासारखाच 46 मिनिटांचा एक अल्बम घेऊ. गाण्यांच्या मूळ क्रमानुसार पहिली बाजू 26 मिनिटांची आणि दुसरी 20 मिनिटांची होत होती. तबकडी उलटल्यावर आवाज एकदम वाढू नये म्हणून दोन्ही बाजू सहसा एकाच पातळीवर कापतात, आणि मग लांब बाजूची मर्यादा छोट्या बाजूलाही पाळावी लागते. तीन मिनिटांचे एक गाणे दुसऱ्या बाजूला नेले की दोन्ही बाजू 23 मिनिटांच्या होतात आणि संपूर्ण तबकडीला अडीच डेसिबल मिळतात. तबकडीवर हा फरक मोलाचा असतो, कारण पृष्ठभागाची खरखर आहे तेवढीच राहते आणि संगीत तिच्यापासून तेवढे वर येते. लिमिटर दाबून ही वाढ मिळवता येत नाही. उलट सतत दाबलेल्या मास्टरमध्ये वरच्या पट्टीतली सरासरी ऊर्जा वाढते, कटरच्या कॉइल तापतात आणि इंजिनिअरला पातळी आणखी खाली आणावी लागते.

जागेनंतर बेसकडे वळावे. स्टिरिओ खाचेत दोन्ही चॅनलमध्ये समान असलेला भाग सुईला आडवा हलवतो आणि दोन्हींतला फरक तिला वर-खाली हलवतो. खालच्या स्वरांची हालचाल मोठी असते. ती वर-खाली झाली तर खाच एका क्षणी इतकी उथळ होते की वाजवताना सुई बाहेर उडते, आणि दुसऱ्या क्षणी इतकी खोल व रुंद की शेजारच्या फेऱ्याची जागा खाते. म्हणून कटिंगच्या वेळी एलिप्टिकल इक्वलायझर लावून ठरावीक मर्यादेखालचा, बहुधा 150 हर्ट्झच्या आसपासचा, बेस मोनो केला जातो.

नवख्यांना वाटते की हे उपकरण आहे म्हटल्यावर आपल्याला काही करायचे उरले नाही. या अल्बममधल्या एका गाण्यात बेस रुंद वाटावा म्हणून उजवा चॅनल 5 मिलिसेकंद मागे ढकललेला होता. आता 100 हर्ट्झच्या लहरीचे अर्धे आवर्तन नेमके 5 मिलिसेकंदांचे असते. त्यामुळे 98 हर्ट्झचा स्वर मोनो केल्यावर जवळजवळ नाहीसा होतो, 73 हर्ट्झचा सुमारे आठ डेसिबलने खाली जातो आणि 49 हर्ट्झचा जेमतेम तीनने. सुई उडत नाही हे खरे, पण बेसची ओळ मात्र खड्डे पडल्यासारखी वाजते. इक्वलायझर फरकाचा भाग काढून टाकतो, हरवलेला स्वर परत आणत नाही. यावर इलाज मिक्समध्येच करायला हवा: बेस मूळ मोनो ट्रॅकवर परत न्यावा आणि रुंदी हवीच असेल तर ती 200 हर्ट्झच्या वर द्यावी. तपासणीसाठी 150 हर्ट्झच्या खालचा भाग वेगळा काढावा आणि तो एकदा स्टिरिओ, एकदा मोनो असा ऐकावा. एखादा स्वर मोनोत दबला, तर मीटर काहीही सांगो, गाणे मिक्सिंगकडे परत पाठवावे.

सिबिलन्सचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण इथे कापताना काही बिघडल्याचे दिसत नाही. बिघाड वाजवताना ऐकू येतो. आरआयएए या तबकड्यांसाठीच्या प्रमाण इक्वलायझेशन वळणानुसार कापताना 10 किलोहर्ट्झची पातळी 1 किलोहर्ट्झच्या तुलनेत जवळपास 14 डेसिबलने उचलली जाते, त्यामुळे गायकाचे स, श, च खाचेत फारच तीव्र होऊन उतरतात. त्यातच बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खाच सरकते, तर बाजूच्या शेवटी फक्त 21. म्हणजे 8 किलोहर्ट्झची एक लहर बाहेर 64 मायक्रोमीटर लांब असते आणि आत 26. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या 15 ते 18 मायक्रोमीटर असते. लहर आखूड आणि तीव्र झाली की खाचेची वळणे सुईच्या टोकापेक्षा अरुंद होतात, सुईला ती नीट गिरवता येत नाहीत आणि ‘स’च्या जागी फाटकी थुंकी उडाल्यासारखा आवाज येतो.

याची मर्यादा एका आकड्यात सांगता येत नाही. मी 5 ते 10 किलोहर्ट्झचा पट्टा वेगळा काढून ऐकतो आणि त्यात ‘स’ स्नेअरच्या ठोक्यापेक्षा पुढे येत असेल तर तो जास्त आहे असे मानतो. डी-एसर शक्यतो फक्त गायनाच्या ट्रॅकवर लावून घ्यावा, कारण पूर्ण मास्टरवर लावला की झांजाही त्याबरोबर दबतात. मास्टरवरच लावावा लागला, तर तीन-चार डेसिबलच्या पुढे जाऊ नये. तेवढ्याने भागत नसेल तर नेमके ते शब्द हाताने खाली आणावेत. वर सांगितलेल्या अल्बमात कुजबुजत्या आवाजाचे, मायक्रोफोनच्या अगदी जवळून गायलेले गाणे पहिल्या बाजूच्या शेवटी होते. दुसऱ्या बाजूला हलवण्यासाठी तेच निवडले आणि तिथे पहिल्या क्रमांकावर, बाहेरच्या कडेला ठेवले. एकाच बदलाने लांबी आणि सिबिलन्स असे दोन्ही प्रश्न हलके झाले, म्हणूनच गाण्यांचा क्रम कलाकाराशी अगदी सुरुवातीला बोलून घ्यावा असा माझा आग्रह असतो.

फाइल पाठवताना प्रत्येक बाजूची एकच 24 बिट वेव्ह फाइल द्यावी, गाण्यांमधली शांतता तिच्यातच असावी, आणि सोबत प्रत्येक गाण्याची सुरुवातीची वेळ व बाजूची एकूण लांबी लिहून द्यावी. शक्य असेल तर प्रत्येक बाजूच्या शेवटच्या गाण्याचा टेस्ट कट मागवावा आणि तो आतल्या व्यासावरच कापायला सांगावा; बाहेरच्या कडेला कापलेला नमुना चांगलाच वाजतो आणि त्यावरून काहीच कळत नाही. तो महागड्या सुईवर ऐकून थांबू नये, साध्या गोल सुईवरही ऐकावा, कारण बरेच श्रोते तशाच सुईवर ऐकणार असतात.