ॲनालिटिक्समध्ये ४,००० तास झाले, मग Earn टॅबमध्ये का दिसत नाहीत? यूट्यूबची मोजणी अशी तपासा

तासगाव-मिरज पट्ट्यात द्राक्षावर चॅनेल चालवणारी बरीच पोरं आता यूट्यूबवर आहेत आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच, "दादा, चार हजार तास झाले की, तरी अप्लाय का होईना?" तर आधी आकडे सांगतो. जाहिरातीचे पैसे चालू व्हायला १,००० सबस्क्रायबर पाहिजेत आणि सोबत मागच्या ३६५ दिवसांत ४,००० तास पब्लिक वॉच टाइम, नाहीतर मागच्या ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. त्याच्या खाली एक लहान पायरी आहे, ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत ३ पब्लिक व्हिडिओ आणि ३,००० तास किंवा शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज, पण तिथं मेंबरशिप, सुपर थँक्स असलं मिळतं, जाहिरातीचा वाटा नाही. आणि थोडे तास, थोडे शॉर्ट्स अशी बेरीज करून चालत नाही, दोन्हीपैकी एक रस्ता पूर्ण व्हावा लागतो.

आता तपासणी. `studio.youtube.com` उघडा, डाव्या बाजूला `Earn` वर जा. तिथला आकडा हाच खरा. Analytics मधला वॉच टाइम म्हणजे चॅनेलवर जे काही बघितलं गेलं ते सगळं, त्यामुळं तो नेहमी जास्तच दिसतो. दोघांत फरक का आहे ते शोधायला Analytics मध्ये `Advanced mode` उघडा, तारीख `Last 365 days` लावा आणि `Traffic source` निवडा.

समजा एका चॅनेलचे Analytics मध्ये ४,६२० तास आहेत आणि Earn मध्ये २,७८०. म्हणजे १,८४० तास गेले कुठं? यादीत `Shorts feed` समोर १,१५० तास दिसतात, ते मोजलेच जात नाहीत. `YouTube advertising` समोर ३८०, म्हणजे छाटणीचा व्हिडिओ पैसे देऊन प्रमोट केला होता त्यातून आलेले, तेही नाहीत. उरलेले ३१० एका लाइव्हचे, जे संपल्यावर पोरानं अनलिस्टेड करून ठेवलं. प्रायव्हेट, अनलिस्टेड, डिलीट केलेले व्हिडिओ मोजणीतून बाहेरच असतात, आणि लाइव्ह संपल्यावर त्याचा पब्लिक व्हिडिओ चॅनेलवर राहिला तरच त्याचे तास धरतात. १२ तासांपेक्षा जास्त लांब लाइव्ह केलं तर ते आपोआप सेव्ह होईलच असं धरू नका.

शॉर्ट्सवाली गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतंय. १५ ऑक्टोबर २०२४ पासून अपलोड केलेला ३ मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्टच धरला जातो. बागेत मोबाईल उभा धरून "डाऊनी कसा ओळखायचा" असा अडीच मिनिटांचा व्हिडिओ टाकला, लाखभर लोकांनी फीडमध्ये बघितला, तरी चार हजारात शून्य भर पडते. तोच मोबाईल आडवा धरून शूट केला असता तर तो साधा व्हिडिओ राहिला असता आणि त्याचे तास धरले असते. मला तर वाटतं तास पाहिजे असतील तर शेतीच्या चॅनेलनं आडवंच शूट करावं, औषधाचं प्रमाण, पानाच्या मागची बुरशी, हे सांगायला आठ-दहा मिनिटं लागतातच की.

दुसरं म्हणजे ३६५ दिवस ही सरकती खिडकी आहे, एक जानेवारीपासून मोजत नाहीत. मागच्या ऑक्टोबर छाटणीच्या व्हिडिओनं त्या महिन्यात ६०० तास दिले असतील तर या ऑक्टोबरमध्ये ते ६०० रोज थोडे थोडे गळत जाणार, नवीन तेवढे आले नाहीत तर आकडा मागं येतो. आपल्याकडं सीझनचा विषय असल्यामुळं हा फटका जास्त बसतो, म्हणून छाटणीचा नवा व्हिडिओ सीझन सुरू व्हायच्या आधीच तयार ठेवा.

सबस्क्रायबरचं त्यामानानं सोपं आहे. ज्यांनी आपलं सबस्क्रिप्शन प्रायव्हेट ठेवलंय तेसुद्धा मोजले जातात, फक्त नावाच्या यादीत दिसत नाहीत, म्हणून यादी लहान दिसली तर घाबरू नका. बंद झालेली अकाउंट आणि स्पॅम मात्र यूट्यूब वेळोवेळी काढतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर "तू माझं कर, मी तुझं करतो" करून हजार भरवायच्या नादाला लागू नका, तो आकडा टिकत नाही आणि नियमातही बसत नाही.

Earn मध्ये दोन्ही पट्ट्या भरल्या की अप्लाय करा, पण त्याआधी गूगल अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू पाहिजे आणि चॅनेलवर कम्युनिटी गाईडलाइन्सचा चालू स्ट्राइक नको. मग ॲडसेन्स जोडायचं, एका माणसाचं एकच. तपासणीला साधारण महिना लागतो, तिथं माणसं चॅनेलचा मुख्य विषय, सगळ्यात जास्त बघितलेले आणि नवे व्हिडिओ बघतात, दुसऱ्याची क्लिप उचलून टाकलेली सापडली तर नाकारतात. नकार आला तर २१ दिवसांत अपील करता येतं, नाहीतर पहिल्या नकारानंतर ३० दिवसांनी, आणि पुन्हा नकार आला तर ९० दिवसांनी परत अप्लाय करायचं.