टायपिंग 35 वर अडकलंय? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, कुठल्याही टायपिंग क्लासात जाऊन बघा, मिनिटाला 30 शब्दांची परीक्षा पास झालेलं आणि 40 च्या तयारीत 34-35 वर चिकटलेलं एक तरी पोरगं सापडतंयच. रोज तासभर बसायलंय, मनगट दुखायलंय, सर म्हणतात "मारत राहा, येतंय की", आणि येत मात्र काहीच नाही.

न येण्याचं कारण साधं आहे. एखादं काम हाताला पुरेसं जमलं की डोकं त्यातून लक्ष काढून घेतं, हात आपोआप चालतो, आणि आपोआप चालणारा हात कालच्याच स्पीडने, कालच्याच चुका करत चालतो. अँडर्स एरिक्सन नावाचे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ होते, 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिन शिकणाऱ्यांवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा पेपर आला आणि तिथून 'डेलिबरेट प्रॅक्टिस' हा शब्द सगळीकडे गेला. मुद्दा असा की नुसते तास मोजून उपयोग नाही, नेमकं कुठं अडतंय ते काढायचं, तेवढ्यावरच काम करायचं, आणि सुधारलं का ते लगेच तपासायचं. टायपिंगला हे फार चांगलं लागू पडतं, कारण इथे प्रत्येक चूक स्क्रीनवर दिसते.

पहिली चूक, तोच उतारा रोज मारणं. आमच्या ओळखीच्या एका खानापूरच्या पोरीचं असंच झालेलं, रोजच्या उताऱ्यावर 41 यायचे म्हणून ती खूश, आणि नवीन उतारा दिला की 35. म्हणजे टायपिंग सुधारलंच नव्हतं, उतारा पाठ झालेला. टाइप करताना डोळा बोटाच्या काही अक्षरं पुढे पळत असतो, त्या जोरावरच स्पीड येतो, आणि पाठ उताऱ्यात डोळ्याला हे काम करावंच लागत नाही. मराठी मीडियमच्या पोरांना तर हे जास्तच नडतं, कारण `acknowledgement` सारखा अनोळखी शब्द आला की ती एकेक अक्षर वाचून मारतात, तिथे बोटाचा दोष नसतो, शब्दच ओळखीचा नसतो. अशा शब्दांची वेगळी यादी करून आधी वाचून घ्या, बोट नंतर. आणि स्पीड मोजायचा तो फक्त न बघितलेल्या उताऱ्यावर, आठवड्यातून एकदा बास.

दुसरी चूक सगळ्यात महागाची आहे, फक्त शेवटचा आकडा बघणं. 35 आले, वाईट वाटलं, परत मारा. अरे पण ते 35 कशामुळे? जरा हिशोब करू. इंग्रजी टायपिंगमध्ये साधारण पाच स्ट्रोकचा एक शब्द धरतात, स्पेससकट. म्हणजे 35 ला मिनिटाला 175 स्ट्रोक आणि 40 ला 200, फरक फक्त 25 चा. आता एक अक्षर चुकलं, ते पुढची दोन मारल्यावर लक्षात आलं, मग तीन बॅकस्पेस आणि तीन अक्षरं परत, म्हणजे सहा स्ट्रोक वाया. मिनिटाला अशा चार चुका म्हणजे 24. झाले की नाही तुमचे 25? बोटं स्लो नव्हतीच, चार चुका स्पीड खात होत्या.

म्हणून आधी त्या चार चुका कुठं होतात ते शोधा. मोबाईल टेकवून हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ काढा आणि स्लो करून बघा. त्या पोरीच्या व्हिडिओत सगळीकडे अडचण नव्हतीच, `December`, `received`, `number` अशा मोजक्या शब्दांवर हात थबकायचा. आता `December` बघा, `d`, `e`, `c`, `e` ही पहिली चारही अक्षरं डाव्या हाताच्या मधल्याच बोटाची. एकाच बोटाला मध्ये, वर, खाली, परत वर जायचंय, दुसरं बोट मदतीला येऊच शकत नाही. वर कॅपिटल `D` ला उजवी शिफ्ट पाहिजे, पण ती पोरगी मारायची डावी, म्हणजे डावा हात आणखी वाकडा. `number` मध्ये पहिले तीन, `n`, `u`, `m`, उजव्या तर्जनीचे. फास्ट मारणारे पहिली की सुटायच्या आत दुसऱ्या बोटाने पुढची दाबतात, पण बोटच एक असेल तर ते जमत नाही, म्हणून स्पीड नेमका इथेच पडतो.

मग तिने काय केलं, `ece`, `num`, `ved` असे तुकडे अगदी सावकाश, चूक न करता, योग्य शिफ्टने मारले, मग पूर्ण शब्द, मग आजूबाजूच्या शब्दांसकट, `in December the` असं. हे शेवटचं बहुतेक जण सोडतात आणि मग म्हणतात की शब्द एकटा येतो पण उताऱ्यात येत नाही.

तिसरी चूक, अचूकपणा आणि स्पीड एकाच वेळी मागणं. दोन्हीची वेळ वेगळी ठेवा. वरचं सावकाश काम झालं की थोडा वेळ मुद्दाम नेहमीपेक्षा 10 ते 20 टक्के जास्त स्पीडने मारायचं, म्हणजे 35 वाल्याने साधारण 40 च्या चालीने. यात बॅकस्पेसला हात लावायचा नाही, चुका होऊ द्यायच्या आणि नंतर बघायचं की जास्त कुठं झाल्या, कारण तीच उद्याच्या सावकाश सरावाची यादी. हे सगळं लक्ष देऊन केलं तर पंधरा-वीस मिनिटांत माणूस थकतो. तासभर करूनही थकला नसाल तर समजा हात आपोआप चालायलाय.

आता आपल्या भागातली खास भानगड. बरीच पोरं कन्नड टायपिंग नुडी सॉफ्टवेअरवर शिकतात आणि मराठी इनस्क्रिप्ट लेआउटवर, दोन्ही त्याच की-बोर्डवर. नुडीत जोडाक्षरासाठी `f` दाबतात, इनस्क्रिप्टमध्ये हलंत `d` वर आहे आणि `f` वर पहिली वेलांटी. त्यामुळे 'सत्य' मारायला `m l d /` पाहिजे तिथे हात `m l f /` मारतो आणि स्क्रीनवर येतं 'सतिय'. जोडाक्षराच्या जागी वेलांटी दिसली की समजायचं, हात नुडीत गेलाय. यावर जास्त वेळ मराठी मारून फायदा नाही, कारण चूक भाषा बदलतानाच होते, म्हणून सरावही बदलण्याचाच पाहिजे, पाच मिनिटं कन्नड, लगेच पाच मिनिटं जोडाक्षरांनी भरलेलं मराठी, 'सत्य', 'मुख्य', 'वाक्य', 'शक्य'. परीक्षा जवळ असेल तर मात्र शेवटचे काही दिवस फक्त त्याच भाषेचा की-बोर्ड धरा.

त्या पोरीचे नवीन उताऱ्यावर पुढे 38-39 यायला लागले. 40 अजून रोज येत नाहीत, कारण आता आकड्यांची वरची रांग निघालीय, तारीख आणि रक्कम आली की मान खाली जाते. सध्या ती `1985`, `2,450` असले तुकडे की-बोर्डवर रुमाल टाकून मारायलीय.