आहेराची वही लिहिताना या चुका टाळा

आमच्या घरात लग्न असलं की आहेर लिहायला मलाच बसवतात, आणि दरवेळी शेजारी कुणीतरी उत्साही भाचा असतो ज्याला वही भराभर संपवून पंगतीला पळायचं असतं. वह्यांची वाट तिथेच लागते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसतं आडनाव लिहिणं आणि पाकिटं फाडून लगेच फेकून देणं. या दोन्ही एकत्र झाल्या की काय होतं ते बहिणीच्या लग्नात बघितलंय. रात्री मोजायला बसलो तर वहीत 46 नोंदी, बेरीज 23,346, आणि समोर रोख 22,845. फरक बरोबर 501. सगळी पाकिटं एक रुपयाच्या नाण्याची होती, म्हणून नाणी मोजली तर 45. म्हणजे एकतर पाकीट हरवलं नाहीतर एक नोंद दोनदा झाली. वहीत 'शिंदे 501' दोन ठिकाणी, अक्षर वेगवेगळं, कारण मधे भाचा बसला होता. दोन शिंदे की एकच? पाकिटं तोवर केटररच्या कचऱ्यात गेलेली, बघणार कुठे. मग बाबांनी पुढे ओळखीच्या दोन्ही शिंद्यांच्या घरच्या लग्नात आहेर केला, आणि दुसरे शिंदे म्हणाले, "अहो, तुमच्या लग्नाच्या दिवशी आम्ही पंढरपुरात होतो!"

तेव्हापासून माझी पद्धत अशी. पाकीट हातात आलं की त्यावर पेनाने नंबर टाकायचा, तोच नंबर वहीत, पुढे पूर्ण नाव, गाव आणि कुणाकडचे (मामाकडचे, बाबांच्या ऑफिसातले वगैरे). रकमेचा रकाना रिकामा ठेवायचा. टेबलावर माणसासमोर पाकीट उघडायचं नाही, बरं दिसत नाही आणि घाईत आकडाही चुकतो. रात्री दोघांनी बसायचं, एकाने उघडून आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा, पानागणिक बेरीज मारायची, आणि रोख जुळेपर्यंत एकही पाकीट फेकायचं नाही. शेवटचा एक रकाना 'आपण काय केलं' म्हणून तारखेसाठी सोडायचा, त्यांच्याकडे लग्न निघालं की तिथेच भरायचा.

हल्ली यूपीआयवर आहेर येतो. त्यात नाव मुलाचं दिसतं आणि आहेर असतो काकांचा, तेव्हा त्याच दिवशी फोन करून, आभार मानून, विचारून लिहा. थेट एक्सेलमध्ये भरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण मांडवात लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस पहिल्या गर्दीतच मागे पडतो. आधी वही, एक्सेल नंतर सावकाश.

भांडी आणि शोपीसच्या खोक्यावर नंबर लिहिला की झालं. साड्यांचं मात्र जपा. नंबर पिशवीवर नको, पिशव्या बदलतात, चिठ्ठी साडीच्या घडीत घाला. आमच्या काकूंनी आहेरात आलेली मोरपंखी साडी दोन वर्षांनी जिने दिली होती तिलाच नेसवली. तिने घडी उलगडली, पदर बघितला आणि म्हणाली, "रंग छान आहे गं, मीच निवडला होता."