"यापुढे दक्षता घेऊ" लिहून ऑडिटचा पॅरा मिटत नाही, ग्रामपंचायतवाल्यांनो या चुका टाळा

पंचायत समितीच्या अकाउंट शाखेत माझी बरीच वर्षं गेली, नाशिक जिल्ह्यातले दोन-तीन तालुके फिरून झाले, आणि टेबलावर सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं वाक्य कुठलं असं कुणी विचारलं तर ते हे, "सदर बाबीची नोंद घेतली असून यापुढे दक्षता घेण्यात येईल." ऑडिटच्या पूर्ततेत, म्हणजे आक्षेपांना दिलेल्या उत्तरात, हे वाक्य इतकं ठासून भरलेलं असायचं की पुढंपुढं मी नुसता कागदाचा आकार बघून सांगायचो, आत काय असणार ते. आणि असा कागद गेला की तो पॅरा, म्हणजे अहवालातला तो आक्षेप, पुढच्या वर्षीच्या अहवालात जसाच्या तसा परत उगवायचा.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ग्रामपंचायतीचं ऑडिट करतं ते स्थानिक निधी लेखापरीक्षा खातं. 1930 चा स्थानिक निधी लेखापरीक्षा कायदा आहे त्याचा, खातं राज्याच्या वित्त विभागाखाली येतं आणि जिल्ह्याला सहायक संचालकांचं ऑफिस असतं. दिल्लीचे कॅग वेगळे, त्यांचा अहवाल राज्यपालांमार्फत विधिमंडळात जातो आणि तिथं लोकलेखा समिती तो बघते. नाशिक महापालिकेत मुख्य लेखापरीक्षक वेगळा. आपल्याकडे येणारा ऑडिटर हा पोलीसही नाही आणि कोर्टही नाही, तो कुणाला शिक्षा करत नाही आणि खिशातून पैसेही काढत नाही. तो फक्त लिहून ठेवतो की हा खर्च मला या या कारणानं पटला नाही. पुढची वसुली नाहीतर कारवाई हे प्रशासनाचं काम, म्हणजे बीडीओ आणि जिल्हा परिषदेचे सीईओ. म्हणून ऑडिटरला निफाडची द्राक्षं देऊन खूश केलं की मिटलं असं ज्यांना वाटतं त्यांचा पॅरा मिटत नाही, द्राक्षं मात्र संपतात.

पहिली चूक: अर्धसमास पत्र आलं की ते ड्रॉवरमध्ये

ऑडिट चालू असताना जागेवरच ऑडिटर प्रश्न लिहून देतो, त्याला अर्धसमास म्हणतात, कागदाच्या अर्ध्या भागात प्रश्न आणि उरलेला अर्धा आपल्या उत्तरासाठी. सगळ्यात स्वस्तात सुटायची जागा हीच आहे बरं का. प्रमाणक दुसऱ्या फाइलमध्ये लागलंय, मोजमाप वही इंजिनिअरकडे राहिलीय, ठराव प्रोसिडिंगमध्ये आहे पण झेरॉक्स लावली नाही, असलं सगळं त्याच दोन-तीन दिवसात दाखवलं तर ते अहवालात येतच नाही. पण आपले भाऊसाहेब नेमके त्याच आठवड्यात मीटिंगला, नाहीतर दुसऱ्या गावच्या चार्जला (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात भाऊसाहेबच), आणि शिपाई सांगतो कपाटाची चावी त्यांच्याकडेच आहे. मग ऑडिटर लिहितो "अभिलेखे उपलब्ध करून दिले नाहीत", आणि दहा मिनिटात सुटणारी गोष्ट पुढं पाच वर्षं चालते.

दुसरी चूक: वसूलपात्र आणि आक्षेपाधीन यातला फरक न बघणं

ही चूक खरी महाग आहे म्हणून यावर जरा थांबतो. अहवालात रकमा दोन प्रकारे दाखवलेल्या असतात. आक्षेपाधीन म्हणजे खर्च झाला असेलही पण त्याचा पुरावा मला दिसला नाही, आणि वसूलपात्र म्हणजे पैसे जास्त गेले किंवा जायलाच नको होते, ते परत आणा. पहिल्याला कागद लागतो, दुसऱ्याला पैसे लागतात, आणि लोक करतात उलटं. ज्याला पैसे भरायचे तिथं खुलासे लिहीत बसतात आणि ज्याला नुसता कागद जोडायचा तिथं घाबरून खिशातून पैसे भरून मोकळे होतात.

एक केस सांगतो, गावाचं नाव सांगत नाही, निफाडकडचं समजा. वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे ठरावीक कामांनाच वापरायच्या, निधीतून भूमिगत गटार केली. मोजमाप वहीत पाईपची लांबी 146 मीटर आणि बिलात 164 मीटर, आकडे उलटे पडले. दर मीटरला 1450 रुपये, म्हणजे बिल व्हायला हवं होतं 2,11,700 आणि अदा झाले 2,37,800. फरक 26,100 रुपये, अहवालात वसूलपात्र. त्याच अहवालात दुसरा पॅरा, 22 एलईडी दिवे 1750 प्रमाणे, 38,500 ची खरेदी, बिल आहे पैसे दिलेत पण जड वस्तू नोंदवहीत म्हणजे नमुना 16 ला नोंदच नाही, म्हणून ती रक्कम आक्षेपाधीन.

गटारीच्या पॅऱ्याला पहिलं उत्तर गेलं, "लिपिकीय चूक झाली, यापुढे दक्षता घेऊ." ते अर्थातच अमान्य, कारण चूक लिपिकाची असो की ठेकेदाराची, 26,100 रुपये तर गेलेच ना. मग कुणीतरी सल्ला दिला की मासिक सभेत कार्योत्तर मंजुरी घ्या. घेतली, ठरावात लिहिलं 164 मीटर कामास मंजुरी, आणि आता पंचाईत अशी झाली की मोजमाप वही एक सांगते आणि सरपंचांच्या सहीचा ठराव दुसरंच सांगतो. कार्योत्तर मंजुरीनं खर्चाला मंजुरी नव्हती एवढीच उणीव भरून निघते, न झालेलं काम तिच्यानं झालेलं होत नाही. आप्पा, म्हणजे तिथले सरपंच, माझ्याकडे आले तेव्हा ठरावाची कॉपी अगदी अभिमानानं पुढे केली होती.

मी त्यांना म्हटलं, आप्पा, आधी जागेवर टेप लावा. कारण दोनच शक्यता आहेत, वही चुकली असेल तर पाईप खरंच 164 मीटर असेल आणि मग शाखा अभियंत्याची फेरमोजणी आणि उप अभियंत्याचा दाखला जोडला की विषय संपतो, एक रुपया भरायची गरज नाही. आणि बिल चुकलं असेल तर मात्र कितीही भारी मराठीत लिहिलं तरी पैसेच लागतील. मारुती मंदिरापासून नाल्यापर्यंत टेप लावली, चेंबर धरून भरली 146. झालं, उत्तर मिळालं.

सुदैवानं ठेकेदाराची 5 टक्के सुरक्षा अनामत, म्हणजे 11,890 रुपये, अजून परत केली नव्हती. ती समायोजित केली, राहिले 14,210, तेवढे ठेकेदारानं बरीच कुरकुर करून भरले. अनामत परत करायची घाई करू नका असं मी का म्हणतो ते यात आलं, ती हातात नसली की वसुलीसाठी त्या काळातले सरपंच आणि सचिव यांच्याकडे बघितलं जातं आणि तेव्हा ठेकेदार फोन उचलत नाही.

तिसरी चूक: पैसे भरले पण चुकीच्या खात्यात

याच गावानं ते पैसे नमुना 7 ची पावती फाडून ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या खात्यात, भरले. रक्कम बरोबर, पावती खरी, तरी पॅरा राहिला, कारण पैसे गेले होते वित्त आयोगाच्या निधीतून आणि परत आले ग्रामनिधीत, म्हणजे बंधित निधी तेवढा कमीच राहिला आणि ग्रामनिधीला फुकटचा फायदा झाला. मग ते 26,100 योजनेच्या खात्यावर वर्ग केले आणि पूर्ततेला चार कागद लावले, पावती, दोन्ही खात्यांचं बँक स्टेटमेंट आणि रोकडवहीचं ते पान. रोकडवहीचं पान लोक हमखास विसरतात, नुसती पावती म्हणजे पैसे वहीत आले याचा पुरावा नाही.

चौथी चूक: जुन्या तारखेची नोंद

दिव्यांच्या पॅऱ्याला गावातले एक हुशार म्हणाले, त्यात काय, नमुना 16 मध्ये तेव्हाच्या पानावर दोन ओळी घुसवून टाकू. असं अजिबात करू नका. ऑडिटरनं ती वही बघितलेली असते, त्या पानावर त्याची हिरव्या शाईची टिक असते, शेवटची नोंद कुठली ते त्याला माहीत असतं, वरच्या आणि खालच्या ओळीत कोंबलेलं अक्षर लांबून दिसतं. साधा हिशोबातला राहिलेला कागद एका मिनिटात बनावट अभिलेखात जातो, आणि मग तो ऑडिटचा विषय राहत नाही.

बरोबर रीत साधी आहे. आजच्या तारखेनं नोंद घ्यायची, शेऱ्यात लिहायचं की अमुक प्रमाणकाची खरेदी, नोंद राहिली होती, लेखाआक्षेपानुसार आज घेतली. मग खांबाखांबाला फिरून दिवे मोजायचे, कुठल्या खांबावर कुठला दिवा त्याची यादी करायची, पंचनाम्यावर सह्या घ्यायच्या. त्यांच्याकडे 22 पैकी 20 बसवलेले निघाले, एक जळून ऑफिसात पडला होता आणि एक सापडलाच नाही. जळालेला पंचनाम्यात दाखवला, न सापडलेल्याचे 1750 भरले, उरलेल्या रकमेचा आक्षेप निघून गेला. म्हणजे 38,500 भरायच्या तयारीत असलेल्या माणसाचं काम 1750 वर आलं.

आता कागद जातो कुठून ते बघा, कारण अर्ध्या पूर्तता रस्त्यातच झोपतात. ग्रामपंचायतीकडून पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्याकडे, तिथून बीडीओंच्या शिफारशीनं सहायक संचालकांकडे. बीडीओंची सही झाली म्हणजे पॅरा मिटला असं नाही, तो वगळायचा अधिकार ऑडिट खात्याचा, आणि तसं लेखी पत्र येईपर्यंत तो उभाच असतो. सिन्नर असो की सुरगाणा, पूर्तता कॅम्पला गर्दी होते, सगळे गठ्ठा टेबलावर ठेवून चहाला जातात आणि पोच कुणी घेत नाही. पॅरा क्रमांक, रक्कम, जोडलेले कागद असा तक्ता वर लावा आणि पोच घ्या. आणि नमुना 30 म्हणजे आक्षेप पूर्तता नोंदवही, त्याचं मासिक विवरण नमुना 27, हे दोन कोरे ठेवू नका, ऑडिटर आल्या आल्या तेच उघडतो, हे मी डोळ्यानं बघितलंय.

बदली होताना चार्ज यादीत प्रलंबित पॅऱ्यांची यादी घ्या, फाइलसकट. आणि गावकऱ्यांसाठी, ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेत मागचा ऑडिट अहवाल आणि त्याला दिलेली उत्तरं ठेवावी लागतात. अहवाल नुसता वाचून दाखवला तर उत्तरंही मागा, उत्तर "दक्षता घेऊ" असेल तर पुढचा प्रश्न एवढाच विचारा, रक्कम वसूलपात्र आहे का आक्षेपाधीन.

त्या निफाडकडच्या गावाचे दोन्ही पॅरे वगळल्याचं पत्र आलं तेव्हा आप्पांची टर्म संपून गेली होती. त्यांनी त्याची झेरॉक्स काढून घरी लॅमिनेट करून ठेवलीय.